‘माझ्याकडं गोळी आहे, देऊ का?’ : आरोग्य बैठकीत पंधरा मिनिटं काय आणि कसं बोलावं

गावातला आरोग्य व पोषण दिवस असो, बचत गटाची बैठक असो की सोसायटीच्या हॉलमधला ज्येष्ठ नागरिकांचा मेळावा, ‘दुसऱ्याची औषधं घेऊ नका, देऊ नका’ असं नुसतं सांगितलं की सगळे मान डोलावतात. घरी गेल्यावर शेजारीण पाय धरून बसलेली दिसते आणि आपल्या डब्यातली गोळी काढून दिली जाते. त्यामागं माया असते. दवाखान्यात जायचं म्हणजे रोज बुडणार, रिक्षाचे पैसे, तासभर रांग, आणि समोरच्या डब्यात तर ‘त्याच त्रासाची’ गोळी तयार आहे. या मायेला दूषण देऊन बोलायला सुरुवात केली तर पहिल्याच मिनिटाला लोक मनानं उठून जातात.

हा लेख अशा बैठकीत बोलणाऱ्या आशाताई, आरोग्य सेविका, समुदाय आरोग्य अधिकारी आणि औषध दुकानदार यांच्यासाठी आहे. दहा औषधांची यादी वाचून दाखवू नका. एकच गोळी घ्या आणि ती चुकीच्या माणसाच्या पोटात गेली की तासातासाला काय होतं ते सांगा. त्यासाठी मधुमेहाची गोळी सगळ्यांत चांगली. ती जवळजवळ प्रत्येक गल्लीत कुणाच्या तरी घरात असते, सहज दिली जाते, आणि तिचा घात त्याच दिवशी डोळ्यांसमोर दिसतो.

बैठकीला जाण्याआधी

सोबत चार वस्तू असू द्या: गोळ्यांची एक पूर्ण रिकामी स्ट्रिप, तशीच दुसरी एक स्ट्रिप कात्रीनं मधोमध कापून केलेले दोन तुकडे, घरातला चहाचा चमचा आणि वाटीभर साखर. पाण्याचा पेला तिथं मिळतोच. स्ट्रिप रिकाम्याच न्या. भरलेली स्ट्रिप हातोहात फिरताना एखादी गोळी लहान मुलाच्या हाती लागू शकते. शिवाय कंपनीचं नाव पाहून कुणी ‘हीच चांगली दिसते’ असा अर्थ काढतं, म्हणून नावावर कागदाची पट्टी चिकटवा, पण घटकाचं नाव, मिलिग्रॅम आणि मुदत उघडी ठेवा.

वेळ पंधरा मिनिटांची धरा. त्यातली सहा-सात मिनिटं गोष्टीला, तीन स्ट्रिपला, तीन साखरेच्या प्रात्यक्षिकाला, उरलेली प्रश्नांना. प्रश्न हमखास लांबतात आणि लांबू द्यावेत. लोक खरं काय करतात ते तिथंच कळतं.

सुरुवात

पहिलं वाक्य प्रश्नाचं असू द्या. ‘मावशी, मागच्या महिन्यात कुणी तुम्हाला गोळी दिली का, किंवा तुम्ही कुणाला दिली का?’ हात वर करायला सांगू नका, लोक लाजतात. ‘डोकेदुखीची? पित्ताची? पायाला मुंग्या येतात त्याची?’ असं एकेक नाव घेत गेलात की हसू येतं आणि माना हलू लागतात. मग लगेच म्हणा: ‘दिली ती चांगल्या मनानंच दिली. आज एवढंच बघू, की तीच गोळी एकाला बरं करते आणि दुसऱ्याला आडवं का पाडते.’

गोष्ट : काकांची गोळी, आजींचं पोट

ही गोष्ट ‘समजा’ म्हणूनच सांगा. गावातल्या कुणाचं नाव, आडनाव, आळी काहीही येऊ देऊ नका. लोक ओळखी जोडतात आणि एखाद्या घराला बोल लागतो.

समजा, बावन्न वर्षांचे एक काका आहेत. वजन 74 किलो. मधुमेहासाठी सकाळी न्याहारीच्या आधी ते ग्लिमेपिराइड 2 मिलिग्रॅमची गोळी घेतात. डॉक्टरांनी ती लिहिली तेव्हा त्यांची उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी आणि मूत्रपिंडाची क्रिएटिनिन तपासणी पाहिली होती. आधी 1 मिलिग्रॅमवर ठेवलं, मग वाढवलं. काका नऊला पोळीभाजी खातात, एकला जेवतात. म्हणजे गोळी, खाणं आणि साखर यांची वेळ एकमेकींशी बांधलेली आहे.

शेजारी सत्तर वर्षांच्या आजी राहतात. वजन 42 किलो. तळपायांची आग होते, थकवा येतो. शिबिरात कुणीतरी जेवणानंतर तासाभरानं बोटातून रक्त घेतलं, साखर 168 आली. जेवणानंतर इतक्या लवकर घेतलेल्या अशा एका आकड्यावरून कुणालाही मधुमेह ठरवता येत नाही, त्याला नीट वेळ धरून पुन्हा तपासावं लागतं. पण घरी चर्चा झाली, ‘साखर निघाली.’ काकूंनी आपल्या यजमानांच्या स्ट्रिपमधून चार गोळ्या कापून दिल्या. ‘सकाळी एक घ्या, यांना फार गुण आला.’

त्या दिवशी एकादशी. आजींनी आठ वाजता गोळी घेतली आणि वर अर्धा कप चहा.

इथं थांबून गोळी काय करते ते सोप्या शब्दांत सांगा. आपल्या पोटात स्वादुपिंड नावाचा अवयव आहे, तो इन्सुलिन सोडतो आणि इन्सुलिन रक्तातली साखर खाली आणतं. ही गोळी स्वादुपिंडाला ढकलते, ‘सोड इन्सुलिन.’ रक्तात साखर जास्त आहे की आधीच कमी आहे, हे ती विचारत नाही. काकांच्या रक्तात साखर चढलेली असते आणि मागून न्याहारी येते, म्हणून ढकलणं उपयोगी पडतं. आजींच्या रक्तात खाली आणण्याजोगं फारसं काही नाही आणि मागून अन्नही येत नाही.

आता घड्याळ लावून पुढं चला. गोळीचा जोर घेतल्यापासून दोन-तीन तासांत वाढतो. साडेदहाच्या सुमारास आजींना दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडतं, कडकडून भूक लागते. घरातले म्हणतात, ऊन लागलं, पित्त झालं, उपास झेपत नाही. आजी पडून राहतात. सगळ्यांत मोठी चूक इथं होते: आडवं झाल्यावर घाम आणि थरथर कुणाला दिसत नाही. बाराला त्या असंबद्ध बोलू लागतात, सुनेला ओळखत नाहीत, चिडतात. मेंदू साखरेवर चालतो आणि साखर संपत आली की असं होतं. एक वाजता हाक मारली तर उठत नाहीत. या वेळी तपासलं तर साखर 38 निघू शकते. 70 च्या खाली गेली की ती कमी समजतात आणि 54 च्या खाली गेली की धोक्याची.

गोष्टीचा उरलेला भाग बहुतेकांना माहीत नसतो, म्हणून तो नक्की सांगा. समजा बाराला कुणीतरी साखरपाणी पाजलं आणि आजी शुद्धीवर आल्या, हसून बोलू लागल्या. घरचे सुटकेचा नि:श्वास सोडतात. पण गोळी अजून पोटात, रक्तात आहे. तिचा अंमल चोवीस तासांपर्यंत राहतो, आणि म्हाताऱ्या माणसाचं मूत्रपिंड मंद असेल तर त्याहूनही जास्त. साखर दोन तासांत वापरली जाते, गोळी मात्र ढकलतच राहते. संध्याकाळी किंवा पहाटे झोपेत साखर पुन्हा कोसळते, आणि तेव्हा सगळे झोपलेले असतात. म्हणून अशा माणसाला शुद्धीवर आल्यावरही रुग्णालयात नेतात, शिरेतून ग्लुकोज देतात आणि साधारण दिवसभर दर काही तासांनी साखर तपासत ठेवून घेतात.

कुणीतरी म्हणेल, ‘आमच्या जावेनं भावाची साखरेची गोळी घेतली, तिला काही नाही झालं.’ खरं असू शकतं, त्याला खोडून काढू नका. मेटफॉर्मिन ही मधुमेहाचीच गोळी आहे, पण ती स्वादुपिंडाला असं ढकलत नाही, त्यामुळं एकटी घेतली तर साखर सहसा अशी कोसळत नाही. तिचेही त्रास आहेत आणि मूत्रपिंड फार बिघडलेल्याला ती देत नाहीत. पण मुद्दा वेगळाच आहे. घरात जिला आपण ‘साखरेची गोळी’ म्हणतो ती एकच गोळी नाही. पुष्कळ गोळ्यांत ही दोन्ही औषधं एकत्र असतात, नावापुढं एखादं अक्षर किंवा 1, 2 असा आकडा असतो, आणि स्ट्रिपचा रंग तोच. देणाऱ्याला आपण यातलं नेमकं काय देतोय हे कळत नाही.

स्ट्रिप हातात देऊन दाखवा

पूर्ण स्ट्रिप पहिल्या रांगेत फिरवा. मोठ्या अक्षरात कंपनीनं ठेवलेलं नाव असतं. त्याच्याखाली बारीक अक्षरात खरं औषध आणि मिलिग्रॅम. ज्या औषधाला डॉक्टरांची चिठ्ठी लागते त्यावर ‘Rx’ ही खूण असते. अँटिबायोटिकच्या स्ट्रिपवर उभी लाल रेघ दिसते. ज्यांना वाचता येत नाही त्यांना एवढंच दाखवा: ही खूण किंवा ही रेघ असेल तर ही गोळी एका माणसाच्या नावावर आहे.

आता कापलेले तुकडे द्या आणि विचारा, ‘यावरून गोळीचं नाव सांगा. मुदत कधीपर्यंत?’ पुष्कळ स्ट्रिपांवर मुदत आणि बॅच नंबर एकाच टोकाला छापलेले असतात. एका तुकड्यावर अर्धं नाव राहतं, दुसऱ्यावर मुदत. शेजारी दिली जाते ती जवळपास नेहमीच अशी कापलेली स्ट्रिप. उद्या त्रास झाला तर दवाखान्यात काय घेतलं ते कुणाला सांगता येत नाही, ‘पांढरी, लहान, गोल’ एवढंच. तशा गोळ्या शेकड्यांनी आहेत. हे बोलून दाखवण्यापेक्षा तुकडा हातात धरून लोकांना स्वतः वाचायचा प्रयत्न करू दिला की बरोबर पोचतं.

याच वेळी डॉक्टर औषध लिहिण्याआधी काय विचारतात ते सांगून टाका, कारण स्ट्रिपवर त्यातलं काहीच लिहिलेलं नसतं: दुसरा कुठला आजार, आधीच चालू असलेली औषधं, वय आणि वजन, गरोदर किंवा अंगावर पाजणारी आहे का, पूर्वी कुठल्या औषधानं पुरळ, सूज किंवा दम लागला होता का. शेजारी गोळी देताना यातला एकही प्रश्न विचारला जात नाही.

पावसाळ्यात बैठक असेल तर

जुलै ते ऑक्टोबर या काळात मधुमेहाच्या गोष्टीनंतर दोन मिनिटं दुखण्याच्या गोळीला द्या. कंबरदुखीसाठी कुणाला तरी डायक्लोफिनॅक किंवा असिक्लोफिनॅक लिहून दिलेलं असतं. शेजारच्या मुलाला ताप आणि अंगदुखी आहे, दिली एक. तो ताप डेंग्यूचा निघाला तर ही गोळी घातक ठरते. डेंग्यूत रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट आधीच कमी होत असतात. दुखण्याच्या या गोळ्या पोटाचं अस्तर सोलतात आणि प्लेटलेटचं कामही बिघडवतात. मग हिरड्यांतून रक्त, डांबरासारखी काळी शी, रक्ताची उलटी. आयबुप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिनचंही तसंच. कसला ताप आहे हे कळेपर्यंत साधं पॅरासिटामॉलच घ्यायचं.

यात आणखी एक खाच आहे. दुखण्याच्या पुष्कळ गोळ्यांत असिक्लोफिनॅकबरोबर 325 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल मिसळलेलंच असतं. वरून आशाताईंकडची 500 ची गोळी घेतली की पॅरासिटामॉल दोनदा पोटात जातं आणि घेणाऱ्याला पत्ताच नसतो. एखाददुसऱ्या वेळी निभावतं, चार दिवस असं चाललं तर यकृताला भोवू शकतं.

माता बैठक असेल तर

तिथं मधुमेहाऐवजी बाळाच्या तापाच्या औषधाचं उदाहरण घ्या. पॅरासिटामॉलचे थेंब आणि सिरप या वेगळ्या गोष्टी आहेत. पुष्कळ थेंबांच्या बाटल्यांत 1 मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅम औषध असतं. सिरपच्या बाटलीत 5 मिलिलिटरमध्ये कुठं 120, कुठं 125, कुठं 250 मिलिग्रॅम. 8 किलोच्या बाळाला एका वेळी साधारण 80 ते 120 मिलिग्रॅम लागतं. शेजारणीनं थेंबांची बाटली दिली आणि ‘मी एक चमचा देते’ म्हणाली, तर 5 मिलिलिटर थेंबांतून बाळाच्या पोटात 500 मिलिग्रॅम गेलं, म्हणजे चौपटीहून जास्त. ती चमचा म्हणाली ते तिच्या जुन्या सिरपच्या बाटलीवरून. बाटलीवरचा आकडा आणि बाळाचं वजन, दोन्ही बघितल्याशिवाय बाळाच्या औषधात हात घालू नये.

साखरेचं प्रात्यक्षिक

चमचा, साखर आणि पाण्याचा पेला पुढं घ्या. अर्धा पेला पाणी, त्यात तीन ते चार चहाचे चमचे साखर, साधारण 15 ते 20 ग्रॅम. ढवळून दाखवा. घाम, थरथर, कडक भूक, गडबडलेलं बोलणं दिसलं आणि माणूस शुद्धीवर असून नीट गिळतोय, तर हे पाणी लगेच पाजा. एकादशी आहे म्हणून थांबू नका, साखर उपासालाही चालते. पंधरा मिनिटांनी फरक नसेल तर तेवढंच पुन्हा. बरं वाटलं की पोटभर काहीतरी खायला द्या, आणि बरं वाटलं तरी रुग्णालयात न्या. संध्याकाळच्या दुसऱ्या झटक्याची आठवण इथं परत करून द्या.

बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी, साखर, काहीही घालू नका. गिळलं जात नाही, ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा, हनुवटी किंचित वर, आणि 108 ला फोन. गोळी पोटात गेली म्हणून मीठपाणी पाजून किंवा घशात बोटं घालून उलटी करवू नका. स्ट्रिपचा जो तुकडा हाती असेल तो सोबत न्या आणि किती गोळ्या, किती वाजता, हे सांगा. गोळी ज्यांच्या घरातून आली त्यांना फोन करून पूर्ण स्ट्रिपचा फोटो मागवा. ते घाबरून ‘आम्ही दिली नाही’ म्हणतात असं फार वेळा होतं. म्हणून बैठकीतच सांगून ठेवा, की दवाखान्यात खरं सांगितलं म्हणून देणाऱ्यावर कुणी ओरडणार नाही, डॉक्टरांना फक्त गोळीचं नाव हवं असतं.

हमखास येणारे प्रश्न

‘त्यालाही तोच आजार आहे, मग काय बिघडलं?’ उत्तरात काका आणि आजींचं वजन, वय आणि मूत्रपिंड पुन्हा आणा. संधिवाताचं एक उदाहरणही ठेवा. मिथोट्रेक्सेट नावाची गोळी काही सांधेदुखीच्या रुग्णांना आठवड्यातून एकदाच दिली जाते. ज्याला ती लिहिली त्याला वार ठरवून दिलेला असतो आणि त्याच्या रक्ताच्या तपासण्या चालू असतात. शेजारी ती ‘सांध्याची गोळी’ म्हणून रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी घसरतात आणि जीव जाऊ शकतो.

‘अँटिबायोटिक उरल्या, फेकायच्या का?’ आधी उलट विचारा, उरल्या का? पाच दिवसांच्या लिहिल्या आणि तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून थांबवल्या असतील, तर पहिल्या रुग्णाचाच इलाज अर्धा राहिला. उरलेल्या दोन-चार गोळ्या दुसऱ्याला देऊन त्याचाही अर्धाच होणार. सर्दी-खोकला बहुतेक वेळा विषाणूचा असतो, त्यावर अँटिबायोटिक चालतच नाही. आणि पेनिसिलिन गटाच्या गोळीची अ‍ॅलर्जी असलेल्याला एका गोळीनं अंगावर गांधी, ओठ-चेहऱ्याला सूज आणि दम लागू शकतो. ती अ‍ॅलर्जी स्ट्रिप देणाऱ्याला कुठून माहीत असणार?

‘रात्री दोनला ताप आला, दवाखाना दहा किलोमीटरवर. मग करायचं काय?’ हा प्रश्न खरा आहे आणि त्याला नीट उत्तर नसेल तर बाकीचं बोलणं वाया जातं. मोठ्या माणसाला तापासाठी पॅरासिटामॉल 500 मिलिग्रॅमची एक गोळी, पुन्हा लागली तर किमान सहा तासांनी. यकृताचा आजार असेल किंवा रोज दारू पिण्याची सवय असेल तर तीही विचारूनच. जुलाबाला ओआरएस. ही दोन्ही आशाताईंच्या पेटीत असतात. सल्ला हवा तर 104 वर फोन, दम लागणं, बेशुद्धी, छातीत दुखणं, फिट असं काही असेल तर थेट 108. हे आकडे फळ्यावर मोठे लिहा आणि लोकांना आत्ताच फोनमध्ये साठवायला लावा. ज्यांना जमत नाही त्यांच्या फोनमध्ये शेजारी बसलेल्या पोरीला साठवून द्यायला सांगा.

‘तोंडावर नाही कसं म्हणायचं?’ हा प्रश्न बायका फार हळू आवाजात विचारतात. त्यांना एक तयार वाक्य द्या आणि दोघींना उभं करून म्हणून घ्या: ‘ताई, गोळी नाही देत गं, माझी तुला बाधली तर मला सहन व्हायचं नाही. चल, उद्या सकाळी मी येते तुझ्याबरोबर दवाखान्यात.’ नकारासोबत काहीतरी देता आलं, निदान सोबत तरी, की नकार जड जात नाही.

बैठक संपताना

बहुतेक वेळा दोघं-तिघं घरी जाऊन औषधांची पिशवी घेऊन येतात. त्यासाठी अर्धा तास हाताशी ठेवा. चालू औषधं वेगळी काढून, ज्याची त्याच्या नावाच्या वेगळ्या पिशवीत, चिठ्ठीसकट ठेवून द्या. स्ट्रिपच्या मागं बॉलपेननं घरातल्या माणसाचं नाव लिहा. गोळी नेहमी मुदत छापलेल्या टोकाच्या विरुद्ध बाजूनं फोडायला सांगा, म्हणजे मुदत शेवटच्या गोळीपर्यंत हातात राहते. मुदत संपलेल्या आणि बंद झालेल्या साध्या गोळ्या स्ट्रिपमधून काढून, चहाच्या चोथ्यात किंवा ओल्या मातीत कालवून, पिशवी बांधून कचऱ्यात टाका. विहिरीत, ओढ्यात किंवा उकिरड्यावर उघड्या नकोत, शेळ्या-कुत्री आणि मुलं तिथं पोचतात. इन्सुलिनच्या सुया वेगळ्या, जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या बाटलीत भरून आरोग्य केंद्रात द्यायच्या. आणि ज्या पिशवीत ओळख न पटणारे कापलेले तुकडे निघतील, ते कुणाचे, कधीचे हे शोधत बसू नका. तुकड्यावर नाव नाही, मुदत नाही, तर ती गोळी कुणाचीच नाही. तीही चोथ्यात कालवून टाका.